बीम सुटला, कुणाला लागलं नाही: निअर मिसचा मेल कसा लिहावा

सोलापुरात अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर म्हणून लागलं की उत्पादनाचा रिपोर्ट कसा भरायचा हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं जातं. निअर मिसचा, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताचा मेल मात्र कुणी शिकवत नाही. एक दिवस घटना घडते, मॅनेजर फोनवर "लगेच मेल टाका" म्हणतात, आणि बहुतेक वेळा असा मेल जातो:

"आज सेकंड शिफ्टमध्ये हेल्परच्या निष्काळजीपणामुळे बीम पडला. वारंवार सांगूनही कामगार ऐकत नाहीत. सुदैवाने मोठा अनर्थ टळला. संबंधितांना समज दिली आहे."

हा मेल वाचून कोणता बीम, किती उंचीवरून, काय तुटल्यामुळे पडला, माणूस किती लांब होता, यातलं काहीच कळत नाही. कळतं एवढंच, की एका हेल्परवर राग आहे. दुसऱ्या दिवशी तसाच पट्टा तशाच बीमला शेजारच्या लूमवर लागतो. शिवाय पुढच्या वेळी असं काही घडलं तर तो हेल्पर तुमच्यापर्यंत येणार नाही. निअर मिसमध्ये कुणी दवाखान्यात जात नाही, कामगारांनी सांगितलं नाही तर ते कुणाला कळतही नाही. त्यामुळे हे दुसरं नुकसान मला पहिल्यापेक्षा मोठं वाटतं.

समजायला सोपं जावं म्हणून एक नमुना घटना घेतो आणि तिचा मेल शेवटपर्यंत लिहून दाखवतो.

घटना

टेरी टॉवेलच्या लूमला दोन बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले जड रोळ, लागतात. खालचा ग्राउंडचा आणि वरचा पाईलचा, ज्याच्या सुतापासून टॉवेलचे लूप होतात. पाईलचा बीम वर बसवायचा असल्यामुळे तो चेन पुलीने उचलावा लागतो. चेन पुलीच्या हुकाला एक आडवा पाईप, त्या पाईपच्या दोन टोकांना दोन पट्टे, आणि पट्ट्यांत बीम, अशी मांडणी असते.

सेकंड शिफ्टला लूम १४ वर भरलेला पाईल बीम उचलत असताना डावीकडचा पट्टा फाटला. बीमचं डावं टोक जमिनीवर आदळलं आणि उजवं टोक पट्ट्यात लटकत राहिलं. डाव्या टोकाला हात लावून बीम सरळ धरणारा हेल्पर त्याच्या थोडंच आधी ट्रॉली बाजूला घ्यायला मागे गेला होता. कुणालाही लागलं नाही.

मेलच्या आधी, जागेवर

चांगला मेल संगणकासमोर बसण्याच्या आधीच तयार होतो. अर्थात पहिलं काम माणसं बाजूला घेण्याचं. लटकलेल्या टोकाखाली कुणी जाणार नाही, "जरा सरकवून बघू" म्हणून कुणी हात घालणार नाही, हे पाहायचं आणि मेंटेनन्सला बोलवायचं. मॅनेजरना फोन याच वेळी करायचा. मेल नंतर जाईल, पण बातमी मेलची वाट पाहत थांबत नाही.

मग प्रत्येकाला विचारायचं: कुठे खरचटलं आहे का, धक्का बसला आहे का, चेन हातातून सरकून तळहात सोलला आहे का? हा प्रश्न नीट विचारा, आणि हात दाखवायला सांगा. किरकोळ मलमपट्टी करावी लागली तरी ती घटना निअर मिस राहत नाही, तिची नोंद इजा झालेल्या अपघातात होते. "काही नाही साहेब, ठीक आहे" हे उत्तर सोलापुरी माणूस रक्त येत असतानाही देतो.

यानंतर सर्वांत मोलाची वस्तू सांभाळायची, ती म्हणजे फाटलेला पट्टा. शेडमध्ये साफसफाईची घाई असते. तासाभरात तो पट्टा भंगारात जातो किंवा कुणीतरी गाठ मारून पुन्हा वापरायला घेतो. तो काढून, त्याला "वापरू नये, तपासणीसाठी" अशी चिठ्ठी लावून कपाटात ठेवा. दुसरा, न फाटलेला पट्टाही ठेवा. दोन्ही एकाच वेळी आणले असतील तर न फाटलेला पट्टा तपासणाऱ्याला बरंच काही सांगतो.

फोटो तीन पुरतात. पहिला लांबून, ज्यात लूम, बीम आणि चेन पुली एकत्र दिसतील. दुसरा बीमच्या डाव्या टोकाचा. तिसरा फाटलेल्या जागेचा, शेजारी टेप धरून, म्हणजे आकार कळेल. फोटोत कुणाचा चेहरा येऊ देऊ नका. आणि हे फोटो शिफ्टच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. तिथे पाच मिनिटांत "कुणाचं काम हे?" सुरू होतं, आणि त्यानंतर कुणाकडूनही सरळ माहिती मिळत नाही.

विचारपूस

तिघांना एकत्र उभं करून विचारलं की सगळ्यात जुना माणूस बोलतो आणि बाकीचे मान हलवतात. म्हणून एकेकाला, वेगळं, बसवून विचारा. पहिलं वाक्य असं काहीतरी असावं: "बीम ट्रॉलीवर होता तिथून सुरू करा, पुढे काय काय झालं ते सांगा." मग मध्ये बोलू नका. "पट्टा कुणी लावला?" हा प्रश्न पहिला आला की पुढची सगळी उत्तरं स्वतःला वाचवण्यासाठी येतात. पट्टा कुणी लावला हे त्यांच्या सांगण्यात आपोआप येतंच.

आपल्याकडे विणकामातल्या कितीतरी जणांच्या घरची भाषा तेलुगू आहे, काहींची कन्नड. मराठी सगळे बोलतात, पण हादरलेला माणूस आपल्या भाषेतच नीट सांगतो. त्याला तसं सांगू द्या, शिफ्टमधल्या दुसऱ्या कुणाला अर्थ सांगायला बसवा. मात्र तो दुसरा माणूस त्याच घटनेतला नसावा. टिपणात लिहून ठेवा, की निवेदन तेलुगूत होतं आणि अमक्या कामाच्या माणसाने मराठीत सांगितलं. उद्या एखाद्या शब्दावरून घोळ झाला तर तो कुठे झाला असेल हे कळतं.

उंची आणि अंतर तोंडी विचारू नका, दाखवायला सांगा. आपल्या घटनेत फिटर म्हणाला, "गुडघ्याच्या वर होता." उजवीकडचा हेल्पर म्हणाला, "कमरेएवढा." दोघांना लूमच्या फ्रेमवर हात ठेवून दाखवायला सांगितलं आणि टेप लावला, तर एकाचे २६ इंच आले, दुसऱ्याचे ३४. आता यातलं खरं कोणतं? ते तुम्ही ठरवायचं नाही. सरासरी ३० काढायची तर मुळीच नाही, कारण ३० इंच कुणीही पाहिलेले नाहीत. मेलमध्ये दोन्ही आकडे जातील. वेळेचंही तसंच. शेडमधलं घड्याळ, सीसीटीव्हीची वेळ आणि तुमचा मोबाईल यांत फरक असतोच, म्हणून वेळ कुठल्या घड्याळाची हे लिहा.

टिपणाचे तीन भाग

मेलच्या आधी वहीत एक पान घ्या आणि तीन भाग करा: मी पाहिलं, मला सांगितलं, मला वाटतं. जे कळलं आहे ते प्रत्येक वाक्य यातल्या एकाच भागात टाका. नव्या माणसाला हे शाळकरी वाटेल, पण चुकलेल्या बहुतेक मेलमध्ये तिसऱ्या भागातलं वाक्य पहिल्या भागाच्या वेषात आलेलं असतं.

उदाहरणार्थ, "पट्टा जास्त वजनामुळे फाटला." हे कुणी पाहिलं? कुणीच नाही. पाहिलं ते एवढंच: डाव्या पट्ट्यावर आडवी फाट आहे, आणि पट्टा जिथे बीमच्या फ्लँजच्या, म्हणजे टोकाजवळच्या गोल तबकडीच्या, कडेला टेकला होता तिथेच ती आहे. त्या कडेला हातमोज्यावरून बोट फिरवलं तर धार लागते. वजनाचं म्हणाल तर बीमच्या चिठ्ठीवर सुताचं वजन २६० किलो आहे, पण रिकाम्या बीमचं वजन चिठ्ठीवर नाही. मग एकूण वजन तुम्हाला माहीतच नाही, आणि "जास्त वजन" हा शब्द तुम्ही वापरू शकत नाही.

पट्ट्याच्या क्षमतेचंही तसंच. पट्टा जांभळा आहे आणि जांभळा रंग साधारणपणे १ टनाच्या पट्ट्याचा असतो, हे अनुभवी माणसाला ठाऊक असतं. पण क्षमता सांगतं ते पट्ट्यावर शिवलेलं लेबल. इथे लेबलावरची अक्षरं पुसली गेली आहेत. म्हणून लिहायचं असं: "पट्टा जांभळ्या रंगाचा. लेबल आहे, अक्षरं वाचता येत नाहीत." रंगावरून १ टन लिहिलंत, तर "१ टनाचा पट्टा असूनही फाटला" असा निष्कर्ष पुढचा माणूस काढेल, आणि तो कदाचित साफ चुकीचा असेल.

याच संदर्भात "नव्हतं" आणि "दिसलं नाही" यांत फरक ठेवा. कडेवर रबर किंवा गोणपाट घातलं होतं का? बीम पडल्यानंतर तुम्ही पोचलात, तेव्हा तिथे काही दिसलं नाही. आधी असेल आणि पडलं असेल, हेही शक्य आहे. आसपास शोधलं, सापडलं नाही, आणि दोघांनी सांगितलं की घातलं नव्हतं, तर ते तसंच आणि तेवढंच लिहा.

दोष कुठून शिरतो

"निष्काळजीपणा", "हलगर्जीपणा", "बेजबाबदार" हे शब्द टाळायचे हे लगेच पटतं. पण ते काढल्यावरही मेल बोट दाखवतच राहतो, कारण मराठीत दोष फार छोट्या शब्दांतून शिरतो. "सांगूनही रबर घातलं नाही" यातला "ही" बघा. "साधं रबर घातलं नाही", "रबरच घातलं नाही", "नेहमीप्रमाणे रबर नव्हतं", "रबर घालायची तसदी घेतली नाही". माहिती प्रत्येक वाक्यात एकच आहे: रबर नव्हतं. बाकी सगळं न्यायनिवाडा आहे. मेल लिहून झाला की हे "ही", "च", "साधं", "तरी", "मुळात", "नेहमीप्रमाणे" शोधा आणि प्रत्येकाला विचारा, तू काढलास तर माहिती कमी होते का? बहुतेक वेळा होत नाही.

"सांगूनही" मध्ये एखादी खरी माहिती लपलेली असू शकते. खरंच सांगितलं होतं का? कधी, कुठे, कुणाला? त्या महिन्याच्या टूलबॉक्स टॉकच्या, म्हणजे कामाआधीच्या छोट्या सुरक्षा बैठकीच्या, रजिस्टरमध्ये पट्ट्यांचा विषय असेल तर तारीख लिहा. नसेल, किंवा त्या दिवशी हा हेल्पर रजेवर असेल, तर तेही लिहा. "सांगूनही" गळून पडतं आणि त्या जागी तपासता येईल अशी गोष्ट येते.

क्रियापदांकडेही लक्ष द्या. बीम पाडला की पडला, पट्टा तोडला की तुटला, चेन सोडली की सुटली? पाडला, तोडला म्हटलं की करणारा आला, आणि त्याने ते मनाने केलं असा वास येतो. आपल्या घटनेत पट्टा फाटला आणि बीम पडला, हेच खरं आहे.

मात्र इथे नवी माणसं उलट्या टोकाला जातात. दोष द्यायचा नाही म्हणून मेलमधून माणसंच गायब करतात: "पट्टा लावण्यात आला, बीम उचलण्यात आला, उचलताना बीम खाली आला." असा मेल सभ्य दिसतो, पण त्यातून शिकता काही येत नाही. माणसाने काय केलं हे लिहायचंच आहे: कोण कुठे उभा होता, कुणाच्या हातात चेन होती, पट्टा कुणी कुठे लावला. फक्त ती कृती नावाऐवजी कामाच्या हुद्द्याने लिहा, आणि कृतीमागचा स्वभाव किंवा हेतू तुम्ही लिहू नका. "हेल्पर १ ने डावा पट्टा फ्लँजला लागून लावला" हे चालेल. "हेल्पर १ ने घाईघाईत डावा पट्टा कसाबसा लावला" हे नाही. घाई होती असं त्याने स्वतः सांगितलं असेल, तर ते त्याचं म्हणणं म्हणून, त्याच्याच शब्दांत द्या.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारा: या हेल्परच्या जागी शेडमधला सगळ्यात नीट काम करणारा माणूस असता, तर त्याने पट्टा वेगळा लावला असता का? हे पाहायला मी बीमपाशी परत जायला सांगेन. या घटनेत तिथे काय दिसतं? फ्लँजच्या बाहेर बीमच्या दांड्याचा मोकळा भाग फक्त ४ इंच आहे, आणि त्यातला बराचसा लूमच्या ब्रॅकेटवर बसतो. पट्टा तिथे लावला तर बीम ब्रॅकेटमध्ये बसतच नाही. म्हणजे पट्टा फ्लँजला चिकटूनच लागणार, कुणीही लावला तरी. शेजारच्या लूमवर बीम बसवणाऱ्या दोघांना विचारलं तर तेही तिथेच लावतात. ही दोन वाक्यं संपूर्ण मेलमधली सगळ्यात उपयोगी वाक्यं आहेत. कुणाचा बचाव म्हणून ती घालायची नाहीत, मोजून पाहिलेली वस्तुस्थिती म्हणून घालायची.

तुमचा स्वतःचा भाग असेल तर तोही याच मापाने लिहा. शिफ्ट सुरू होताना सुपरवायझरने "लूम १४ सहाच्या आत चालू करायचा आहे" असं सांगितलं असेल, तर ते वाक्य मेलमध्ये यायला हवं. ते वगळलं, तर ज्यांनी ते ऐकलं होतं त्या तिघांना मेल काय दर्जाचा आहे ते लगेच कळतं.

मेल

विषयाच्या ओळीत काय, कुठे, कधी एवढं यावं आणि इजा नाही हे यावं. रात्री फोनवर मेल पाहणाऱ्याला उघडण्याआधी समजलं पाहिजे. "अत्यंत गंभीर!!" वगैरे नको.

> विषय: निअर मिस, लूम १४: पट्टा फाटून पाईल बीमचं डावं टोक पडलं, इजा नाही, मंगळवार सेकंड शिफ्ट
>
> मॅनेजर साहेब,
>
> आज संध्याकाळी ५:४० च्या सुमारास (माझ्या मोबाईलची वेळ) लूम १४ वर पाईल बीम चेन पुलीने उचलताना डावीकडचा पट्टा फाटला. बीमचं डावं टोक जमिनीवर पडलं, उजवं टोक पट्ट्यात लटकत राहिलं. तिथे तिघे होते. तिघांना विचारलं आणि हातपाय पाहिले, कुणालाही इजा नाही. फोनवर आपल्याला ५:४५ ला कळवलं आहे.
>
> काय घडलं: फिटर चेन ओढत होता. हेल्पर १ डाव्या टोकाला आणि हेल्पर २ उजव्या टोकाला बीमला हात लावून उभे होते. डावा पट्टा हेल्पर १ ने आणि उजवा हेल्पर २ ने लावला होता. बीम ट्रॉलीवरून सुटल्यावर हेल्पर १ ट्रॉली बाजूला घ्यायला मागे गेला. त्यानंतर पट्टा फाटला. हेल्पर १ ने दाखवलेली त्याची जागा बीमच्या डाव्या टोकापासून ४ फूट २ इंच आहे. पडताना डावं टोक किती उंच होतं, ते फिटरने दाखवल्याप्रमाणे २६ इंच, हेल्पर २ ने दाखवल्याप्रमाणे ३४ इंच. हेल्पर १ चं निवेदन तेलुगूत होतं, वाइंडिंगच्या मुकादमांनी मराठीत सांगितलं. घटना घडताना मी पॅकिंगमध्ये होतो, मी पोचल्यानंतरचं स्वतः पाहिलं आहे.
>
> जागेवर दिसलेलं: डाव्या पट्ट्याला पूर्ण रुंदीत आडवी फाट आहे. पट्टा फ्लँजच्या कडेला टेकतो त्याच जागी ती आहे. त्या कडेला धार लागते. कडेवर रबर किंवा गोणपाट दिसलं नाही, आजूबाजूला सापडलं नाही. घातलं नव्हतं असं हेल्पर १ आणि फिटर यांनी सांगितलं. पट्टा जांभळा आहे, लेबलावरची अक्षरं वाचता येत नाहीत. बीमच्या चिठ्ठीवर सुताचं वजन २६० किलो आहे, रिकाम्या बीमचं वजन मिळालेलं नाही. जमिनीवर सुमारे ३ इंच लांब खड्डा पडला आहे.
>
> कामाची परिस्थिती: फ्लँजबाहेर दांड्याचा मोकळा भाग ४ इंच आहे. तिथे पट्टा लावल्यास बीम ब्रॅकेटमध्ये बसत नाही. लूम १५ आणि १६ वरही पट्टा फ्लँजला लागूनच लावतात असं तिथल्या दोघांनी सांगितलं. लूम १४ सहाच्या आत चालू करायचा आहे असं मी शिफ्टच्या सुरुवातीला सांगितलं होतं.
>
> केलेली कामं: मेंटेनन्सने ६:१५ ला बीम खाली घेतला. लूम १४ बंद आहे. दोन्ही पट्टे चिठ्ठी लावून माझ्या कपाटात ठेवले आहेत. रॅकमध्ये आणखी दोन पट्टे होते. एकावर कडेला १ इंचाची चीर दिसली, म्हणून दोन्ही वापरातून काढले आहेत. पट्टे मिळेपर्यंत या शिफ्टला बीम चढवण्याचं काम थांबवलं आहे.
>
> तपासायला हवं: फाट कडेमुळे, पट्ट्याच्या वयामुळे की वजनामुळे, हे मला सांगता येणार नाही. पट्टे केव्हा आणले आणि शेवटचे केव्हा तपासले, याची नोंद मेंटेनन्सकडून हवी आहे. रिकाम्या बीमचं वजन हवं आहे. फ्लँजची कड घासून घेता येईल का, आणि पट्ट्याऐवजी दांड्याला धरणारा हुक बसेल का, हे मेंटेनन्सने पाहावं अशी विनंती.
>
> सोबत ३ फोटो.
>
> सेकंड शिफ्ट सुपरवायझर

पहिला परिच्छेद एकटा वाचला तरी घटना कळते. वरिष्ठ बहुतेक वेळा तेवढंच वाचतात, म्हणून प्रस्तावना तिथे नको. "सुदैवाने", "देवाच्या कृपेने", "मोठा अनर्थ टळला" हे शब्द कुठेच नाहीत. हेल्पर किती थोडक्यात वाचला हे ४ फूट २ इंच आणि तो नुकताच मागे गेला होता हे तथ्य, दोन्ही मिळून सांगतात. वाचणाऱ्याला अंगावर काटा त्यानेच येतो.

मेलमध्ये नावं नाहीत. कोण हेल्पर १ आणि कोण हेल्पर २, हे शिफ्ट रजिस्टरमध्ये आहेच. तुमच्या कंपनीच्या छापील फॉर्ममध्ये साक्षीदारांच्या नावांचा रकाना असेल तर तिथे नावं लिहा, घटनेच्या वर्णनात नको. मेल पुढे फिरत जातो. तो कुणाकुणाकडे पोचेल हे पाठवणाऱ्याच्या हातात नसतं.

कुणाला, केव्हा

ज्याला काही करायचं आहे तो "टू" मध्ये: मॅनेजर, मेंटेनन्स प्रमुख. सेफ्टी ऑफिसर असतील तर तेही. बाकीच्यांना, म्हणजे ज्यांना फक्त माहिती असावी, सीसीमध्ये. सगळ्या विभागप्रमुखांना सीसी करण्याचा मोह होतो, पण तेवढी माणसं आली की उत्तरं स्वतःच्या विभागाच्या बचावासाठी लिहिली जातात.

मेल त्याच शिफ्टमध्ये गेला पाहिजे, आणि यामागे एक कायदेशीर कारणही आहे. कुणालाही इजा झाली नाही तरी काही घटना "धोकादायक घटना" म्हणून सरकारी कारखाना निरीक्षकांना, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, कळवाव्या लागतात. माल उचलण्याचं साधन किंवा त्याचा भाग निकामी होणं त्या यादीत येतं. फाटलेला पट्टा त्यात बसतो की नाही हे ठरवणं मॅनेजरचं काम आहे, सुपरवायझरचं नाही. पण तुमचा मेल दोन दिवसांनी गेला किंवा त्यात "बीम जरा सरकला" असं लिहिलेलं असलं, तर ते ठरवायला त्यांच्या हातात काहीच राहत नाही.

जाणूनबुजून केलेली गोष्ट दिसली तर? समजा, चेन पुलीच्या हुकाचं तोंड बंद ठेवणारी कडी कुणीतरी मुद्दाम काढून ठेवली होती. तरीही मेलमध्ये एवढंच: हुकाला कडी नव्हती, ती टूलच्या कपाटात सापडली, फिटरने ती काढल्याचं सांगितलं आणि कारण असं असं दिलं. शिस्तीची कारवाई करायची असेल तर ती वेगळ्या कागदावर, वेगळ्या माणसाकडून होते. "समज दिली आहे" हे वाक्य निअर मिसच्या मेलमध्ये कधीच नको. एकदा ते आलं की पुढचे सगळे निअर मिस शेडमध्येच गाडले जातात.

पाठवल्यानंतर

पाठवण्याआधी शक्य असेल तर त्या तिघांना "काय घडलं" हा भाग वाचून दाखवा. मंजुरीसाठी नाही, चूक सापडावी म्हणून. "मी डावीकडे नव्हतो साहेब, ट्रॉलीच्या पलीकडे होतो" असं कुणी म्हणालं, तर पुन्हा टेप लावा. एखाद्याचं म्हणणं बाकीच्यांपेक्षा वेगळंच राहिलं तर दोन्ही ठेवा, कोण काय म्हणालं ते लिहून.

नंतर नवी माहिती येतेच. दोन दिवसांनी मेंटेनन्सला रिकाम्या बीमचं वजन सापडतं, किंवा सीसीटीव्हीत वेळ ५:३६ दिसते. जुना मेल दुरुस्त करून नव्याने पाठवू नका. त्याच मेलला उत्तर म्हणून वरती "भर" किंवा "दुरुस्ती" असं लिहा, आधी काय लिहिलं होतं, आता काय कळलं आणि ते कुठून कळलं, हे तीन ओळींत द्या:

> दुरुस्ती: आधी वेळ ५:४० लिहिली होती (माझा मोबाईल). सीसीटीव्हीवर बीम पडताना ५:३६ दिसतं. सीसीटीव्हीचं घड्याळ मोबाईलपेक्षा ४ मिनिटं मागे आहे, आज तपासलं. म्हणून ५:४० कायम.
>
> भर: रिकाम्या बीमचं वजन मेंटेनन्सने काट्यावर केलं, १४५ किलो. सुतासह एकूण ४०५ किलो.

आता "जास्त वजन" हा शब्द बोलता येईल का, हे पट्ट्याची क्षमता सापडल्यावरच ठरेल. पट्टे कधी आणले ते खरेदीच्या बिलावर आणि क्षमता पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर असते. ते कागद मागवण्याची विनंती त्याच उत्तरात करून टाका, आणि कागद कुणी, कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे हेही लिहा.